चेहरा स्पष्ट, मागचं धूसर: साध्या वेबकॅमवर हे खरं कधी वाटतं?

व्हिडिओ कॉलवर मागची खोली धूसर केलेली असली की बघणाऱ्याची नजर हमखास एका ठिकाणी अडखळते, ते म्हणजे कानाच्या आसपास. केसांभोवती फिकट वलय दिसतं. खुर्चीची पाठ अर्धी स्पष्ट आणि अर्धी विरघळलेली असते. बोलताना हात हलला की बोटांच्या फटींतून मागचं कपाट क्षणभर लख्ख दिसून जातं. वर उजेड वाढवण्याचा पर्यायही सुरू असेल तर गालांवर राखाडी रवे नाचतात आणि मागची भिंत मात्र गुळगुळीत. चेहरा आणि खोली वेगवेगळ्या दिवशी टिपून एकत्र चिकटवल्यासारख्या वाटतात.

यावर लोक बहुधा एकच उपाय करतात: ब्लर आणखी वाढवतात, उजेडाची पट्टी आणखी पुढे सरकवतात. त्याने दोष झाकला जात नाही, उठून दिसतो. स्वस्त लॅपटॉपमधल्या ७२० पिक्सेलच्या कॅमेऱ्यावर चित्र खरं वाटायचं असेल तर आधी खोलीतल्या दिव्यांकडे बघावं लागतं, मग कॅमेऱ्याच्या एक्स्पोजरकडे, आणि धूसरपणाचा पर्याय सगळ्यात शेवटी येतो. हा क्रम का, हे समजायचं तर ब्लर नेमका कसा होतो ते आधी पाहायला हवं.

खऱ्या कॅमेऱ्यात मागचं धूसर होतं ते भिंगामुळे, आणि त्यात भिंगाच्या छिद्राचा व्यास निर्णायक असतो. ५० मिलिमीटरच्या एफ/१.८ भिंगाचं छिद्र सुमारे २८ मिलिमीटर रुंद असतं. लॅपटॉपच्या वेबकॅमचं छिद्र जेमतेम दीड मिलिमीटरच्या घरात. आपण कॅमेऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर बसलो आहोत आणि मागची भिंत कॅमेऱ्यापासून २ मीटर ४० सेंटिमीटरवर आहे असं धरू. भिंतीवरचा एक बिंदू किती पसरेल ते काढायला छिद्राचा व्यास घ्यायचा आणि त्याला (भिंतीचं अंतर − आपलं अंतर) भागिले भिंतीचं अंतर याने गुणायचं. इथे तो गुणक पाऊण येतो. म्हणजे आपल्या चेहऱ्याच्या पातळीवर मोजलं तर वेबकॅममध्ये तो बिंदू साधारण एक मिलिमीटर पसरतो, आणि मोठ्या भिंगात २१ मिलिमीटर. साठ सेंटिमीटरवर असा कॅमेरा सुमारे पाऊण मीटर रुंदी टिपतो आणि ती १२८० पिक्सेलमध्ये बसवतो. म्हणून वेबकॅमचा स्वतःचा धूसरपणा होतो दोन पिक्सेलचा, डोळ्याला न कळणारा. चांगल्या पोर्ट्रेट भिंगाचा होतो सुमारे ३६ पिक्सेलचा.

हा ३६ चा आकडा कामाचा आहे, कारण आपला डोळा फोटो आणि सिनेमे बघून याच प्रमाणाला सरावलेला आहे. चित्राच्या रुंदीच्या साधारण तीन टक्के. मागच्या पुस्तकांची नावं वाचता येत नाहीत, पण ती पुस्तकं आहेत हे कळतं, खिडकी खिडकीच वाटते. बहुतेक ॲपमधला जोरदार ब्लर याच्या बराच पुढे जातो आणि मागे नुसते रंगांचे ढग उरतात. चेहरा जेमतेम स्पष्ट आणि मागे अतिमहागड्या भिंगाचा धूसरपणा, हा मेळ बसत नाही. साधा वेबकॅम चेहराही थोडा मऊच टिपतो, त्यामुळे मागचा ब्लर जितका सौम्य तितकं चित्र एकाच कॅमेऱ्यातून आल्यासारखं वाटतं. गूगल मीटमध्ये `Slightly blur your background` आणि `Blur your background` असे दोन पर्याय आहेत. कमजोर कॅमेऱ्यावर पहिलाच निवडावा.

त्याच गणितातून दुसरी गोष्ट निघते. खरा धूसरपणा अंतरानुसार बदलतो. पाठीमागे वीस सेंटिमीटरवर असलेली खुर्चीची पाठ त्याच मोठ्या भिंगात फक्त १२ पिक्सेल पसरली असती. साध्या ब्लरला मात्र अंतर ठाऊक नसतं. प्रत्येक पिक्सेल माणसाचा की माणसाचा नाही, एवढाच निवाडा तो करतो. म्हणून उंच पाठीची ऑफिसची खुर्ची घरातल्या ब्लरची मोठी शत्रू ठरते. ती कधी माणसात धरली जाते, कधी भिंतीत, आणि आपण हललो की बाजू बदलते. साधी कमी पाठीची खुर्ची किंवा स्टूल घेतलं की हा दोष एका फटक्यात जातो, सॉफ्टवेअरमध्ये काहीही न करता.

आता त्या निवाड्याकडे. मायक्रोसॉफ्ट टीम्सने २०१८ मध्ये मागचं धूसर करण्याची सोय आणली, स्काइपने २०१९ च्या सुरुवातीला. २०२० मध्ये टाळेबंदीत सगळ्यांची घरं पडद्यावर आली आणि गूगलने तीच सोय ब्राउझरमध्ये, वेगळं काही न बसवता, चालवून दाखवली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या अभियंत्यांनी ती कशी चालते याचं सविस्तर टिपणही प्रसिद्ध केलं. कमजोर यंत्रांसाठीचा प्रश्न त्या टिपणात स्वच्छ दिसतो. माणूस ओळखणारं मॉडेल आपलं पूर्ण चित्र पाहतच नाही. ते २५६ बाय १४४ पिक्सेलची छोटी प्रत पाहतं, आणि यंत्र फारच साधं असेल तर १६० बाय ९६ ची. त्या छोट्या प्रतीवर ते मास्क काढतं: इथे माणूस, इथे नाही, इथे खात्री नाही.

१२८० बाय ७२० च्या चित्रावर हा मास्क ताणला की मास्कचा एक ठिपका पाच बाय पाच, म्हणजे २५ पिक्सेल व्यापतो. लहान मॉडेलमध्ये तर साठच्या आसपास. चष्म्याची काडी आपल्या चित्रात सहा-सात पिक्सेल रुंद असते, म्हणजे मास्कच्या एखाद्या ठिपक्याएवढी. सुटलेली बट त्याहून कितीतरी बारीक. हे तपशील मास्कमध्ये मावतच नाहीत. मग चित्रातली खरी कड शोधून मास्क तिच्यावर नेऊन बसवणारी एक गाळणी लावतात. मूळ चित्रात रंग आणि उजेड जिथे एकदम बदलतो तिथे ती मास्कची सीमा ओढून आणते.

उजेडाचा प्रश्न आणि कडेचा प्रश्न इथे एकमेकांत मिसळतात. काळे केस आणि मागे गडद सागवानी कपाट, वर खोलीत अंधूक दिवा: गाळणीला कड सापडणार कुठून? ती चुकते आणि डोक्याचा एक भाग कपाटात विरघळतो. उलट, कमी उजेडातल्या रव्यांमुळे जिथे कड नाही तिथेही तिला कड दिसते, आणि ती जागा दर फ्रेमला बदलते. केसांची सीमा सतत शिवशिवत राहते ती यामुळे. हे तपासायचं असेल तर ब्लर सुरू करून पाच सेकंद अगदी स्थिर बसा आणि स्वतःच्या डोक्याच्या कडेकडे बघा. आपण हलत नसताना कड हलत असेल तर दोष उजेडाचा आहे. स्थिर असताना कड ठीक आणि मान वळवली की मागे राहत असेल, तर दोष प्रोसेसरचा आहे: मास्क तयार होईपर्यंत चित्र पुढे गेलेलं असतं. त्यावर ब्राउझरच्या इतर टॅब बंद करणं, कॅमेऱ्याचं चित्र ७२० वरून ३६० वर आणणं आणि लॅपटॉप चार्जरला लावणं हे उपाय उपयोगी पडतात. बॅटरीवर असताना बरेच लॅपटॉप प्रोसेसरचा वेग कमी ठेवतात.

मास्कची शिवशिव थांबवायला सॉफ्टवेअर आधीच्या फ्रेमचा मास्क थोडा मिसळतं. सरसकट मिसळला तर हात हलल्यावर मागे सावलीसारखी शेपटी राहते. म्हणून चांगल्या प्रणाली जिथे मॉडेलला खात्री नाही तिथेच जुना मास्क जास्त वापरतात आणि जिथे खात्री आहे तिथे नवा घेतात. चित्र उजळ असेल तर खात्री नसलेली जागा कमी उरते, आणि शेपटीही आपोआप आखडते.

वलयाचं कारण वेगळं आहे. मागचं चित्र धूसर करताना प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांची सरासरी घेतो. कानाजवळच्या भिंतीचा शेजारी म्हणजे कानच. त्यामुळे कातडीचा रंग भिंतीत झिरपतो आणि डोक्याभोवती गुलाबी-तपकिरी झळाळी उमटते. तिला बरोबर तोड एकच: सरासरी काढताना माणसाचे पिक्सेल वगळायचे. म्हणजे चित्राला (१ − मास्क) ने गुणून धूसर करायचं, (१ − मास्क) लाही तितकंच धूसर करायचं, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. स्वतः असं काही लिहिणाऱ्यांनी ही पायरी कधीच गाळू नये. तयार ॲप वापरणाऱ्याच्या हातात मात्र दुसरा उपाय आहे. ब्लर जितका रुंद, वलय तितकं रुंद. सौम्य ब्लर निवडण्याचं हे दुसरं कारण.

आता उजेड. कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे प्रकाशकण मोजणारी जागा, आणि मोजणीत चढउतार हा असतोच. एका पिक्सेलवर शंभर कण पडले तर साधारण दहाचा चढउतार येतो, म्हणजे दहा टक्के. चारशे पडले तर वीसचा, म्हणजे पाच टक्के. उजेड चौपट केला की रवाळपणा निम्मा होतो. वेबकॅमचा सेन्सर नखापेक्षा लहान, त्यामुळे त्याला कण मुळातच कमी मिळतात. उणीव भरून काढायला तो आलेला संकेत आतल्या आत वाढवतो, आणि संकेताबरोबर रवेही वाढतात. त्यानंतर ॲपमधली उजेड-दुरुस्ती पुन्हा एकदा तेच करते.

दुसऱ्या वेळी आणखी एक अडचण असते. तोवर चित्र ० ते २५५ अशा पायऱ्यांत बांधलेलं असतं, आणि बहुतेक वेबकॅम ते जेपेग पद्धतीने दाबून पाठवतात. ७२० पिक्सेलचं, सेकंदाला तीस फ्रेमचं चित्र न दाबता पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ५५ मेगाबाइट लागतात, आणि यूएसबी २ च्या तारेतून प्रत्यक्षात तेवढं जात नाही. दाबताना अंधाऱ्या भागातला तपशील आधी टाकला जातो. असं चित्र गॅमाने उजळलं तर काय होतं पाहा. गॅमा दीड धरला तर ४० चा पिक्सेल ७४ होतो, इथवर ठीक. पण १० चा २९ होतो आणि ११ चा ३१. एकेका पायरीची दोन-अडीच पायऱ्यांची उडी झाली. हनुवटीखालच्या सावलीत पट्टे आणि आठ-आठ पिक्सेलचे चौकोन दिसू लागतात ते इथून. म्हणून सॉफ्टवेअरने उजेड थोडाच वाढवावा. झूममध्ये `Adjust for low light` ला `Auto` आणि `Manual` असे पर्याय आहेत. `Manual` घेऊन पट्टी पाव भागापलीकडे नेऊ नये असं माझं मत आहे. त्याहून जास्त लागत असेल तर खोलीत दिवा कमी आहे.

कॅमेऱ्याच्या स्वयंचलित एक्स्पोजरचीही एक खोड आहे. संपूर्ण चित्राची सरासरी मध्यम राखाडी यावी असा त्याचा प्रयत्न असतो. मागे पांढरी डिस्टेंपर मारलेली भिंत आणि तिच्यावर पेटलेली ट्यूब असली की सरासरी वर जाते आणि कॅमेरा सगळंच गडद करतो. सावळा चेहरा त्यात आणखी बुडतो. मग सॉफ्टवेअर तो चेहरा वर ओढतं आणि कातडीवर राखेसारखी छटा येते. हा दोष सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या माणसांना जास्त सोसावा लागतो, आणि त्यावर त्यांना चेहऱ्यावरच उजेड वाढवायला सांगितलं जातं. खरं तर मागचा उजेड कमी करणं हा अर्धा उपाय आहे. मागची ट्यूब बंद केली, खिडकीचा पडदा ओढला, की कॅमेरा आपणहून चेहरा उघडतो, आणि कातडीचा खरा रंग टिकतो.

आपल्याकडच्या विजेचं एक खास प्रकरण आहे, आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोक असलेली जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेमला शंभरांश सेकंदाच्या पटीत उजेड घेतला, म्हणजे १/१०० किंवा १/५०, तर हे चढउतार बरोबर भरून निघतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते. कॅमेऱ्याची मांडणी तिथल्यासारखी राहिली तर तो १/६० किंवा १/१२० घेतो आणि भिंतीवरून गडद पट्टे वरखाली सरकत राहतात. पट्टे फिके असले तरी मास्कचा गोंधळ उडवायला पुरेसे असतात. ओबीएस वापरत असाल तर कॅमेऱ्याच्या `Configure Video` या खिडकीत `PowerLine Frequency` नावाची नोंद असते, ती `50 Hz` करा. लिनक्सवर हेच आज्ञा देऊन करता येतं:

```
v4l2-ctl -d /dev/video0 --list-ctrls
v4l2-ctl -d /dev/video0 -c power_line_frequency=1
v4l2-ctl -d /dev/video0 -c auto_exposure=1
v4l2-ctl -d /dev/video0 -c exposure_time_absolute=200
```

पहिली ओळ कॅमेऱ्यात काय काय बदलता येतं ते दाखवते. जुन्या आवृत्त्यांत नावं थोडी वेगळी असतात, म्हणून ती आधी चालवावी. दुसऱ्या ओळीतला १ म्हणजे ५० हर्ट्झ. तिसऱ्या ओळीने स्वयंचलित एक्स्पोजर बंद होतं. चौथीतला आकडा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात आहे, म्हणजे २०० हे बरोबर १/५० सेकंद. विंडोजवर हाताने एक्स्पोजर ठरवताना −५, −६ असे आकडे दिसतात. त्यांचा अर्थ १/३२ आणि १/६४ सेकंद. शंभरांश सेकंदाच्या पटीला १/३२ जवळ आहे, १/६४ अजिबात नाही. त्यामुळे चोकच्या ट्यूबखाली −६ वर पट्टे दिसले तर कॅमेरा बिघडलेला नसतो.

एक्स्पोजर एकदा पक्कं केलं की आणखी एक फायदा होतो. पंख्याचं पातं किंवा आपला पांढरा कागद फ्रेममध्ये आला तरी चेहऱ्याचा उजेड हेलकावे खात नाही. बघणाऱ्याला कृत्रिम वाटणाऱ्या गोष्टींत हे हेलकावे फार वर आहेत, कारण खऱ्या खोलीत माणसाने हात वर केला म्हणून भिंत काळवंडत नाही.

आता हे सगळं एका खोलीत करून पाहू. माझी मावसबहीण डोंबिवलीत राहते आणि संध्याकाळी बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र ऑनलाइन शिकवते. लॅपटॉप सात-आठ वर्षांचा, कॅमेरा ७२० चा. टेबल हॉलच्या मधल्या भिंतीजवळ ठेवलेलं, ती भिंतीकडे तोंड करून बसायची. पाठीमागे दोन मीटरवर दुसरी भिंत, तिच्यावर ट्यूब, बाजूला गडद कपाट, आणि ती बसायची उंच पाठीच्या फिरत्या खुर्चीवर. पूर्ण ब्लर आणि उजेड-दुरुस्ती दोन्ही सुरू. तिची तक्रार वेगळीच होती. "अरे, मी रेणूचं मॉडेल हातात धरलं की मुलांना ते दिसतच नाही. अर्धं गायब होतं." मी म्हटलं, "ताई, आधी दोन्ही सोयी बंद कर. नुसता कॅमेरा काय बघतोय ते पाहू."

नुसत्या कॅमेऱ्यात चेहरा जवळजवळ सावलीत होता आणि मागची ट्यूब पांढरी फटक. पहिलं काम ती ट्यूब बंद करण्याचं. दुसरं, टेबलावरचा अभ्यासाचा दिवा. तो बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर, चेहऱ्याशी साधारण चाळीस अंशांचा कोन करून ठेवला. त्याचं तोंड ताईकडे न करता समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे केलं, म्हणजे उजेड भिंतीवरून पसरून येतो, चष्म्यात दिव्याचा ठिपका दिसत नाही आणि नाकाची कडक सावली पडत नाही. भिंतीवरून आलेला उजेड मंद पडतो, म्हणून दिव्यातला बल्ब मोठा बसवला. उजेड येतो त्या जागेच्या जवळ गेलं की तो वाढतो, त्यामुळे टेबलही भिंतीच्या आणखी जवळ सरकवलं. दुसऱ्या बाजूला पुस्तकाला टेकवून एक पांढरा कार्डशीट उभा केला. सावलीतला गाल त्याने उचलला जातो.

बल्ब निवडताना रंगाकडे पाहिलं. छतावरचा दिवा पांढरा, साडेसहा हजार केल्विनचा. समोरचा पिवळा घेतला असता तर चेहरा नारिंगी किंवा भिंत निळी, यांपैकी एक झालंच असतं. असे मिश्र रंग कुठलीही दुरुस्ती एकाच वेळी सरळ करू शकत नाही. म्हणून दोन्ही एकाच जातीचे ठेवले.

मग स्टूल आलं, खुर्ची गेली. कपाटाच्या दारावर फिकट चादर टांगली, म्हणजे काळ्या केसांना मागे उजळ जागा मिळाली आणि कड सापडू लागली. एवढं झाल्यावर उजेड-दुरुस्तीची गरजच उरली नाही, ती बंदच राहिली. सौम्य ब्लर सुरू केला. आता डोकं शांत होतं, कड हलत नव्हती.

रेणूचं मॉडेल तरीही अर्धं गायब होत होतं. माणूस ओळखायला शिकवलेल्या मॉडेलला हातातली वस्तू माणसात धरावी की नाही हे नीट ठरवता येत नाही. वस्तू छातीसमोर धरली तर बहुधा टिकते, शरीराच्या बाहेर बाजूला धरली तर मागच्या चित्रात जाते. ताईसाठी निर्णय सोपा होता: शिकवताना ब्लर बंद, कारण मुलांना रेणू दिसणं महत्त्वाचं. पालकांशी बोलताना सौम्य ब्लर. मागे आता चादर आणि नीट आवरलेली भिंत होती, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

यापलीकडे जायचे मार्गही आहेत. मास्कच्या जागी केसांची पारदर्शकता मोजणाऱ्या पद्धती संशोधनात आल्या. २०२१ ची `Robust Video Matting` ही त्यांतली ठळक. ती आधीच्या फ्रेमची आठवण ठेवते आणि बटा खूपच चांगल्या पकडते, पण तिला ग्राफिक्स कार्डाचं बळ हवं. एनव्हिडियाचं ब्रॉडकास्ट आरटीएक्स कार्ड मागतं, विंडोजचे स्टुडिओ इफेक्ट्स एनपीयू असलेला नवा लॅपटॉप मागतात. जुन्या लॅपटॉपवर ओबीएसमधून ब्लर लावायचा असेल तर एक काळजी घ्यावी: तिथे ब्लर सुरू असताना मीट किंवा झूममधला बंद ठेवावा. दोन मास्क एकमेकांवर चढले की कडेला दुहेरी रेषा येते आणि प्रोसेसर दमतो. ओबीएसचा फायदा क्रमाचा आहे. तिथे उजेडाची सौम्य दुरुस्ती मास्कच्या आधी ठेवता येते, म्हणजे मॉडेलला उजळ चित्र मिळतं. उलट क्रमाने ठेवली तर चेहऱ्याला फायदा होतो, कडेला नाही.

शेवटी आपल्याला दिसतं ते समोरच्याला दिसत नाही, हेही तपासावं. नेटच्या वेगानुसार चित्र पुन्हा दाबलं जातं आणि रवाळ चेहऱ्यावर त्या दाबण्याचा सगळ्यात वाईट परिणाम होतो, कारण दर फ्रेमला बदलणारे रवे दाबता येत नाहीत. दुसऱ्या फोनवरून आपल्याच कॉलमध्ये शिरा, मोबाइल डेटावर, आणि तिकडचं चित्र पाहा. तिथे कातडी मेणासारखी दिसत असेल तर ब्लरशी खेळत बसू नका, दिवा जवळ आणा.

नवा वेबकॅम घ्यावा का, असं लोक विचारतात. स्वस्त १०८० पिक्सेलच्या वेबकॅममध्ये सेन्सर बहुतेक तेवढाच लहान असतो, पिक्सेल वाढतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. संध्याकाळच्या खोलीत तो जुन्यापेक्षा बरा दिसेलच असं नाही. त्या पैशांत एक चांगला एलईडी बल्ब, टेबललॅम्प आणि कार्डशीट येतात आणि पैसे उरतात. घरात जुना स्मार्टफोन पडून असेल तर तो त्याहून उत्तम. त्याचा मागचा कॅमेरा लॅपटॉपच्या वेबकॅमपेक्षा मोठ्या सेन्सरचा असतो, आणि `DroidCam` सारख्या ॲपने तो तारेवरून लॅपटॉपला जोडता येतो. आधी दिवा लावून पाहा, मग फोन जोडून पाहा, आणि त्यानंतरही भागलं नाही तरच दुकानात जा.